दूध संस्थेचं लेखापरीक्षण: दहा दिवसांच्या दुधाचा मेळ कसा लावायचा

ठाणे-कल्याणकडच्या ऑफिसांतून नवीन लेखापरीक्षक मुरबाड, शहापूर किंवा भिवंडी तालुक्यातल्या दूध संस्थेवर जातो, तेव्हा तो बहुतेक वेळा कॅशबुकपासून सुरुवात करतो. व्हाउचर, बँक पासबुक, भागभांडवल, सभांचं इतिवृत्त हे सगळं तपासायचंच असतं, पण दूध संस्थेत खरी हानी कॅशबुकमध्ये दिसत नाही. रुपये होण्याआधी ते दूध असतं. काट्यावर आणि फॅट मशिनवर जे गेलं, त्याची नोंद पैशांच्या वहीत येतच नाही. म्हणून या लेखात एकच काम नीट समजून घेऊ: सभासदांनी घातलेलं दूध आणि संस्थेतून बाहेर गेलेलं दूध यांचा मेळ कसा लावायचा, आणि तो मेळ जुळला तरी का थांबायचं नाही. संस्थेच्या संचालक मंडळावर नव्याने निवडून आलेल्यांनाही हे करता येईल. त्यासाठी सनदी लेखापाल असावं लागत नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ प्रमाणे संस्थेचं लेखापरीक्षण दरवर्षी करावं लागतं, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ते पूर्ण व्हायला हवं. लेखापरीक्षक शासनमान्य नामतालिकेतला असतो आणि त्याची नेमणूक वार्षिक सर्वसाधारण सभा करते. म्हणजे तुम्हाला नेमणारे सभासद आहेत, चेअरमन किंवा सचिव नव्हेत. गावात चहा सचिवाच्या घरी होतो, त्यामुळे ही गोष्ट विसरायला होते.

आधी दहा दिवस निवडा

सगळ्या वर्षाचं दूध तपासणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. बिलं साधारण दहा दिवसांची निघतात, १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. तपासणीचा घटकही तोच धरा. वर्षातून तीन-चार बिलं निवडा, पण चिठ्ठ्या टाकून नव्हे. एक बिल भर दुधाच्या दिवसांतलं असावं, एक उन्हाळ्यातलं आणि एक नक्की जुलै-ऑगस्टमधलं. आपल्याकडे पावसाळ्यात मुरबाड-शहापूरच्या गावांत वीज तासन् तास जाते. मशिन बंद पडलं की नोंदी हाताने वहीत होतात आणि नंतर संगणकात चढवल्या जातात. या दोन नोंदींमधल्या वेळेत आकडे बदलायला पूर्ण मोकळीक असते. चौथं बिल दरपत्रक बदललेल्या तारखेच्या आसपासचं घ्या. त्याचं कारण पुढे येईल.

निवडलेल्या प्रत्येक बिलासाठी पाच कागद मागा: खातेनिहाय आणि शिफ्टनिहाय दूध नोंद, संस्थेचं दूध उचलणाऱ्या संघाच्या किंवा डेअरीच्या टँकर पावत्या, स्थानिक विक्रीची वही, त्या काळात लागू असलेलं दरपत्रक, आणि बँकेला पाठवलेली पेमेंट यादी. दूध नोंद छापील स्वरूपात घेऊ नका. सॉफ्टवेअरमधून नोंदीच्या वेळेसह एक्सेलमध्ये मागा. "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ दिसत नाही" असं सांगतात, पण सभासदाच्या हातात पडणाऱ्या पावतीवर वेळ छापलेली असेल तर ती आत कुठेतरी साठलेली असतेच.

लिटर आणि किलो एकाच मापात आणा

पहिल्यांदा काम करणाऱ्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. संस्था सभासदाकडून लिटरमध्ये दूध घेते. टँकरची पावती बहुधा किलोत असते, कारण तिथे वजन होतं. दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त असते आणि व्यवहारात १ लिटर दूध म्हणजे १.०३ किलो धरतात. १,००० लिटर दूध टँकरमध्ये १,०३० किलो भरतं. हे रूपांतर न करता वजाबाकी केली तर ३ टक्के वाढावा, म्हणजे आत आलेल्यापेक्षा जास्त दूध बाहेर गेलेलं दिसतं आणि तुम्ही निरपराध माणसावर संशय घेता. उलट तोच ३ टक्के खरा वाढावा झाकायलाही वापरता येतो. म्हणून सगळं किलोत आणूनच पुढे जा.

दुसरी काळजी तारखांची घ्यायची. १० तारखेच्या संध्याकाळचं दूध बल्क कूलरमध्ये राहतं आणि ११ तारखेच्या सकाळच्या टँकरने जातं. सभासदांची नोंद १० तारखेची, संघाची पावती ११ ची. त्यामुळे पावत्या एका शिफ्टने सरकवून जुळवाव्या लागतात, नाहीतर काळाच्या दोन्ही टोकांना तफावत दिसते. कूलरमधला आरंभीचा आणि अखेरचा शिल्लक साठा लिहिलेला असेल तर उत्तम. नसेल तर ती त्रुटी म्हणून अहवालात नोंदवा.

स्थानिक विक्रीकडे आपल्या भागात जास्त लक्ष द्यावं लागतं. कल्याण, बदलापूर, अंबरनाथ जवळ, माळशेजच्या रस्त्यावर हॉटेलं आणि फार्महाउस, त्यामुळे इथल्या संस्थांकडून रोखीने दूध उचलणारे बरेच असतात. संघापेक्षा तो भाव चांगला मिळतो आणि पैसे लगेच हातात येतात. ही विक्री कुपनावर किंवा क्रमांक छापलेल्या पावतीवर होते का ते बघा. वहीत रोज "४० लिटर" असा एकच गोल आकडा असेल, रविवारीही तोच आणि गणपतीतही तोच, तर ती वही विक्रीची नाही, कोणीतरी एकदम बसून भरलेली आहे.

फॅटचा मेळ: सरासरी काढताना चुकू नका

दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे चरबी सोडून दुधात असलेल्या घन पदार्थांवर, ठरतो. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, म्हशीच्या दुधाचा ६ आणि ९ ला. म्हणजे दूध पुरेसं आलं एवढ्यावर मेळ संपत नाही. त्या दुधातली चरबी किती किलो आत आली आणि किती किलो बाहेर गेली, हेही जुळलं पाहिजे. गाय आणि म्हैस यांचे मेळ वेगवेगळे लावा.

सभासदांच्या फॅटची साधी सरासरी काढू नका. एकाने २० लिटर घातलं ३.४ फॅटचं, दुसऱ्याने ५ लिटर घातलं ४.२ फॅटचं. साधी सरासरी ३.८ येते. पण कॅनमध्ये एकत्र झालेल्या दुधाची फॅट ३.५६ असेल, कारण पातळ दूध चौपट आहे. प्रत्येक नोंदीचं वजन गुणिले फॅट, भागिले १००, अशी ओळीओळीने फॅटची किलो काढा आणि मग बेरीज करा. एक्सेलमध्ये हा एका सूत्राचा खेळ आहे.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत, पण प्रकार कुठल्याही संस्थेत घडू शकेल असा आहे. मुरबाड तालुक्यातली साधारण साठ जण दूध घालणारी संस्था धरा, गायीचं दूध, ११ ते २० तारीख, म्हणजे २० शिफ्ट.

सभासदांच्या नोंदीप्रमाणे एकूण ६,१५० लिटर दूध आलं. १.०३ ने गुणलं की ६,३३४.५ किलो. संघाच्या पावत्यांवर ५,९१० किलो, आणि स्थानिक विक्री ४०० लिटर, म्हणजे ४१२ किलो. बाहेर गेलेलं एकूण ६,३२२ किलो. फरक साडेबारा किलोचा, घट. ०.२ टक्के. बादलीला चिकटलेलं, तपासणीच्या नमुन्यांत गेलेलं, ओतताना सांडलेलं दूध एवढं जातंच. फॅट पाहिली तर आत २३४.४ किलो आणि बाहेर २३३.९ किलो. अर्ध्या किलोचा फरक. घटही नैसर्गिक आणि फॅटही जुळलेली. बरेच जण इथे टिक करून पुढच्या पानावर जातात.

मेळ जुळला, आता खाती बघा

सभासदांचं दूध कमी मोजलं किंवा त्यांची फॅट कमी लावली, तर जास्तीचं दूध किंवा जास्तीची फॅट कूलरमध्ये उरते आणि मेळात वाढावा म्हणून दिसते. वाढावा दिसणं वाईट नाही. तो संस्थेच्या व्यापारी खात्यात जमा होतो आणि दर फरकाच्या रूपाने दिवाळीला सभासदांकडे परत जाऊ शकतो. पण कोणाला तो स्वतःकडे वळवायचा असेल, तर त्याला वाढावा नाहीसा करावा लागतो. त्याची सोपी वाट म्हणजे एक जास्तीचं खातं. न घातलेलं दूध त्या खात्यावर चढवायचं. आत आलेला आकडा वाढतो, मेळ चोख बसतो आणि दहा दिवसांनी बिल त्या खात्यावर जातं.

त्यामुळे मेळ जुळल्यावर पुढचं काम म्हणजे प्रत्येक खात्याचा दहा दिवसांचा आलेख डोळ्यांखालून घालणं. आपल्या उदाहरणात खाते क्रमांक ८७ वर २० शिफ्टमध्ये मिळून ११८ लिटर दूध आहे, शिफ्टला सरासरी पावणेसहा ते सहा लिटर. आकडा अगदी साधा, एखाद्या गायीचा असावा असाच. पण बारकाईने पाहिल्यावर चार गोष्टी पुढे येतात.

फॅट वीसही वेळा ३.६ ते ३.८ च्या आतच आहे. एकट्या गोठ्याचं दूध असं वागत नाही. सकाळ-संध्याकाळ दोहनांमधलं अंतर सारखं नसतं, आणि कमी तासांनी काढलेल्या दुधाला, म्हणजे बहुधा संध्याकाळच्या दुधाला, फॅट जास्त लागते. वासराने आधी प्यायलं, चारा बदलला, गाय माजावर आली, की फॅट हलते. एखाद्या खात्याची फॅट सगळ्या संस्थेच्या सरासरीला चिकटून चालत असेल तर ती मशिनवर लागलेली नसून सरासरी पाहून लिहिलेली असू शकते.

दुसरी गोष्ट, नोंदीची वेळ. वेळेप्रमाणे यादी लावली की खातं ८७ प्रत्येक शिफ्टमध्ये शेवटी येतं, शेवटच्या सभासदानंतर, शिफ्ट बंद होण्याच्या मिनिटभर आधी. एखादा सभासद रोज उशिरा येऊ शकतो. पण वीसच्या वीस वेळा?

तिसरी गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. या खात्याचं दूध इतरांच्या दुधाबरोबर कमी-जास्त होतं. इतरांचं मिळून ३२० लिटर आलं त्या सकाळी ८७ वर सव्वासहा लिटर आहे, २८० आलं त्या संध्याकाळी साडेपाच. भागाकार केला की दर वेळी दोन टक्क्यांच्या जवळपास. खऱ्या गोठ्यातल्या गायीला शेजाऱ्यांनी किती दूध घातलं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

चौथी गोष्ट कपातीत दिसते. ८७ ने वर्षभरात संस्थेकडून पशुखाद्याची एकही गोणी उचललेली नाही, ऍडव्हान्स नाही, गायीच्या आटण्याचा खंड नाही. वर्षभर रोज दूध घालणारा आणि संस्थेकडून कधीच काही न घेणारा सभासद गावात असू शकतो, म्हणून या एकट्या गोष्टीवर काही ठरवू नका. चारही एकत्र आल्या की पुढे जायला पुरेसं कारण आहे.

आता खातं ८७ बाजूला काढून मेळ परत लावा. उरलेल्यांचं ६,०३२ लिटर, म्हणजे ६,२१३ किलो. बाहेर गेलं ६,३२२ किलो. घट नाहीशी होऊन १०९ किलोचा वाढावा उभा राहिला, पावणेदोन टक्क्यांचा. हे दूध कुठून आलं? पाणी घातलं असतं तर संघाच्या पावतीवर फॅट आणि डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरचं वाचन, दोन्ही खाली आले असते. ते तर ठीक आहेत. म्हणजे दूध खरं आहे आणि सभासदांचंच आहे, फक्त त्यांच्या नावावर मोजलेलं नाही. उत्तर काट्याजवळ शोधायचं.

काट्यावर वजन ठेवून बघा

यासाठी न कळवता सकाळच्या शिफ्टला जावं लागतं. सकाळी सहाला संस्थेत पोहोचायचं तर कल्याणहून पहाटेच निघायला हवं. कोणी म्हणेल संध्याकाळी गेलं तर चालेल, पण सकाळचं दूध जास्त असतं, गर्दी असते आणि नेहमीची पद्धत गर्दीतच दिसते. वैधमापन विभागाचं प्रमाणित २० किलोचं वजन मिळवून बरोबर न्या. तालुक्याच्या ठिकाणी काटा-वजनांची दुरुस्ती करणारे परवानाधारक असतात, त्यांच्याकडून शिक्का मारलेलं वजन घेता येतं.

आधी काट्यावरचा शिक्का आणि पडताळणी प्रमाणपत्र बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते. मग रिकामी बादली ठेवून काटा शून्य दाखवतो का बघा. उणे काही दाखवत असेल तर बादलीचं वजन जास्त धरून ठेवलंय आणि प्रत्येक सभासदाचं तेवढं दूध कापलं जातंय. बादली बदलली असेल आणि जुन्याच बादलीचं वजन राहिलं असेल, तर हे चुकूनही होतं.

त्यानंतर बादली काढून, काटा शून्यावर आणून, २० किलोचं वजन ठेवा. काटा किलोत असेल तर २०.०० दिसायला हवं. बहुतेक संकलन केंद्रांवर मात्र काटा थेट लिटर दाखवतो, कारण वजनाला आतल्या आत १.०३ ने भागलं जातं. २० भागिले १.०३ म्हणजे १९.४२ लिटर. तेवढंच दिसायला हवं.

आपल्या उदाहरणात काट्यावर १९.०५ आलं. २० ला कशाने भागलं की १९.०५ येतं? १.०५ ने. काट्यातला भागाकाराचा आकडा १.०३ ऐवजी १.०५ ठेवलेला आहे. काट्याला वजन अचूक कळतंय, म्हणून पडताळणीचा शिक्काही खरा असू शकतो. फक्त किलोचे लिटर करताना तो जवळजवळ दोन टक्के दूध गाळतोय. आता उलटा हिशोब करा: इतर सभासदांच्या नोंदलेल्या ६,०३२ लिटरला १.०५ ने गुणलं की खरं वजन ६,३३३.६ किलो येतं. बाहेर गेलं ६,३२२. साडेअकरा किलोची घट, म्हणजे नेहमीचीच. १०९ किलोचा सगळा वाढावा या एका आकड्याने उलगडला.

सभासदाच्या दृष्टीने हे केवढं? रोज २० लिटर घालणाऱ्याच्या नावावर १९.६२ लिटर लागतं. ३४ रुपये दराने दिवसाला १३ रुपये. कोणाच्याही लक्षात येणार नाही एवढे, घरी मापाने मोजून नेलेल्या दुधातला फरकही लोक "फेसात गेलं" म्हणून सोडून देतात. पण खाते ८७ वर दहा दिवसांत ११८ लिटरचे ४,०१२ रुपये जमा होतात आणि वर्षात अशी ३६ बिलं निघतात. जवळजवळ १ लाख ४४ हजार रुपये, साठ घरांतून थोडेथोडे काढलेले.

काट्याचा फोटो घ्या, वजनासकट आणि तारखेसकट. तिथल्या तिथे पंचनामा लिहा आणि त्यावर सचिव, टेस्टर आणि दूध घालायला आलेल्या दोन सभासदांच्या सह्या घ्या. तुम्ही तालुक्याला पोहोचेपर्यंत सेटिंग परत १.०३ होणार हे गृहीत धरा.

फॅट मशिनची तपासणी

वरच्या उदाहरणात मशिन बरोबर होतं. ते नेहमीच तसं नसतं, म्हणून त्याच सकाळी फॅटही तपासून घ्या. मिल्क ऍनालायझरमध्ये करेक्शन टाकायची सोय असते, म्हणजे मशिनने ३.९ मोजलं तरी ०.२ वजा करून ३.७ दाखवायचं. ही सोय मशिनचं वाचन प्रयोगशाळेशी जुळवण्यासाठी दिलेली आहे. तिचा पासवर्ड कोणाकडे आहे आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी, कोणी केलं, याची नोंद मागा.

पडताळणी गर्बर पद्धतीने करायची. दहा सभासदांचे नमुने मशिनला लागल्यावर उरलेलं दूध बाटल्यांत घ्या, खाते क्रमांकाची चिठ्ठी लावा आणि शक्य तर त्याच सकाळी तपासा. ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिली गर्बर ऍसिड, मग १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून नीट हलवा, सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवा आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचा. ऍसिड तीव्र गंधकाम्ल असतं आणि हलवताना नळी चांगलीच तापते, म्हणून हातमोजे हवेत. सवय नसेल तर हे काम संघाच्या प्रयोगशाळेकडून किंवा शीतकरण केंद्रावर आपल्यासमोर करून घ्या.

निकाल वाचताना एकेका नमुन्याच्या फरकावर अडू नका. काहींना ०.१ जास्त, काहींना ०.१ कमी, हे यंत्रात चालतं. दहापैकी दहा जणांची फॅट मशिनने एकाच बाजूला, कमी लावली असेल तर ती करेक्शन आहे. तोच फरक दहा दिवसांच्या फॅट मेळात दिसला पाहिजे. दिसत नसेल, तर पुन्हा एखादं खातं ८७ शोधायचं. या वेळी त्यावर लिटर थोडे आणि फॅट भरपूर असेल.

डिग्रीबद्दल एवढंच लक्षात ठेवा की लॅक्टोमीटर २७ अंश तापमानाला जुळवलेला असतो. गोठ्यातून आणलेलं गरम दूध तसंच मोजलं तर डिग्री कमी लागते आणि एसएनएफ पडतो. संस्था आणि संघ एसएनएफ काढायला एकच सूत्र वापरतात का, हेही विचारा. सूत्रातला स्थिरांक वेगळा असेल तर दोन्ही ठिकाणी प्रामाणिकपणे मोजूनही एसएनएफ वेगळा येतो, आणि भांडण माणसांवर घसरतं.

दर, कपात आणि बँक

दरपत्रकाची तपासणी सोपी आहे, पण तारीख बघितल्याशिवाय तिला अर्थ नाही. संघाचं दर बदलल्याचं परिपत्रक कोणत्या तारखेपासूनचं आहे, आणि संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा दर कोणत्या शिफ्टपासून लागला, हे शेजारी शेजारी लिहा. दर उतरला की त्याच संध्याकाळी लागू आणि दर वाढला की "पुढच्या बिलापासून", असं दिसलं तर मधल्या दिवसांचा फरक काढून तो सभासदांचं देणं म्हणून दाखवा. दर बदललेल्या काळातलं बिल निवडायला सांगितलं ते यासाठी.

मग पाच-सहा सभासदांची बिलं पहिल्यापासून स्वतः करा: प्रत्येक शिफ्टचं लिटर, त्या फॅट-एसएनएफचा दरपत्रकातला दर, गुणाकार, बेरीज. कपातींमध्ये पशुखाद्याची कपात खाद्य साठा वहीतल्या गोणीशी जुळते का आणि ऍडव्हान्सच्या हप्त्याला सभासदाची सही आहे का, एवढं बघितलं तरी बरंच हाती लागतं.

पेमेंट यादी बँक खाते क्रमांकाप्रमाणे लावा. दोन सभासद आणि एकच बँक खातं असं दिसलं तर ते बाप-लेक किंवा नवरा-बायको असू शकतात, विचारून घ्या. खातं ८७ चं बँक खातं संस्थेतल्या कोणाच्या घरातलं आहे का, हे इथे कळतं. रोखीने पैसे घेणारे असतील तर अंगठ्यांचे ठसे आणि सह्या एकाच बैठकीत, एकाच पेनने झाल्यासारख्या दिसतात का ते बघा, आणि त्यातल्या दोघा-तिघांना घरी जाऊन भेटा. पासबुक दाखवा म्हटलं तर शेतकरी दाखवतो. पाठीमागच्या पानावर त्याने स्वतः लिहिलेले लिटर असतात, ते कधी कधी संस्थेच्या नोंदीपेक्षा जास्त विश्वासाचे निघतात.

कोणाला काय विचारायचं आणि कसं लिहायचं

काट्याची सेटिंग चुकीची असणं हा स्वतःमध्ये गुन्हा नाही. दुरुस्तीवाल्याने चुकीचा आकडा टाकला असेल, सचिवाला माहीतही नसेल. तसं असेल तर वाढावा पुस्तकात दिसेल, संस्थेलाच मिळेल, आणि सभासदांना परत देता येईल. वाढावा लपवायला खातं उघडलेलं असणं ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून दोन्ही निष्कर्ष अहवालात वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा.

खातं ८७ च्या माणसाला आधी स्वतः भेटा, सचिवासमोर नको. किती गायी, कानात बिल्ला आहे का आणि त्याचा बारा अंकी क्रमांक काय, दूध कोण घालतं, खाद्य कुठून आणता. गोठाच नसेल तर तो तिथेच दिसतो. कदाचित त्या माणसाला त्याच्या नावाचं खातं चालू आहे हे ठाऊकही नसेल. त्याच्याकडे ओरडत जाऊ नका.

अहवालात "चोरी" हा शब्द लिहायचा नाही, ते ठरवणं तुमचं काम नाही. तारीख, शिफ्ट, लिटर, काट्याचं वाचन, पंचनाम्याचा संदर्भ, वसूलपात्र रक्कम आणि जबाबदार पदं लिहा. गैरव्यवहाराची खात्री झाली तर कलम ८१ खालचा विशेष अहवाल निबंधकांकडे स्वतंत्रपणे पाठवावा लागतो. दूध संस्थांसाठी तो दुग्ध विभागाच्या सहायक निबंधकांकडे जातो. वार्षिक अहवालाच्या पोटात तो दडवून ठेवू नका. साध्या त्रुटींसाठी संस्थेने कलम ८२ प्रमाणे नमुना 'ओ' मध्ये दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. मागच्या वर्षीचा तो दिला होता का, हे नवीन काम सुरू करतानाच तपासा.

सभासदांना परत द्यायच्या रकमेची यादी तुम्हीच करून द्या, नाहीतर संस्था एकरकमी आकडा घेऊन बसते. प्रत्येकाचं नोंदलेलं लिटर गुणिले १.०५ भागिले १.०३, त्यातून नोंदलेलं वजा, उरलेल्या लिटरला त्या त्या शिफ्टचा दर. सेटिंग कधी बदलली हे कळायला महिन्यामहिन्याचा मेळ मागे नेत जा, खातं ८७ वगळून. ज्या बिलात वाढावा पहिल्यांदा पावणेदोन टक्क्यांवर उडी मारतो, तिथून रक्कम धरायची. त्या आधीच्या काळासाठी पुरावा नसेल तर तो काळ धरू नका.

काटा दुरुस्त झाल्यावर पुढच्या दहा दिवसांचा मेळ स्वतः मागवून घ्या. सभासदांच्या नावावरचं एकूण दूध गोठे तेवढेच असताना दोन टक्क्यांच्या आसपास वाढलेलं आणि घट परत ०.२ टक्क्यांवर आलेली दिसायला हवी. तसं झालं नाही, तर काट्याशिवाय आणखी काहीतरी आहे आणि बादलीपासून पुन्हा सुरुवात करायची.